छापण्यापूर्वी काय केलं होतं?

काही दिवसांपूर्वी एका महाविद्यालयात पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर परिसंवाद झाला. विषय नेहमीचाच होता: अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हा असावा का? एका वक्त्याने वसाहतकालीन कायद्याचे वाभाडे काढले. दुसऱ्याने बेताल माध्यमांना वेसण हवीच, असं ठासून सांगितलं. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, आमच्या तालुक्यात शाळेच्या गणवेश खरेदीत गडबड झालीय. कागद माझ्याकडे आलेत. बातमी केली तर माझ्यावर केस होईल का?” पहिले वक्ते म्हणाले, “सत्य तुझ्या बाजूला असेल तर निर्भयपणे छाप.” दुसरे म्हणाले, “आधी वकिलाला विचार.” मुलगा खाली बसला. दीड तासाच्या चर्चेतून त्याच्या हाती काहीच लागलं नव्हतं.

हा वाद आपण चुकीच्या जागी घालतो, असं माझं मत आहे. कायदा राहावा की जावा, हे संसद आणि सर्वोच्च न्यायालय ठरवेल. उद्या सकाळी बातमी लिहिणाऱ्याला वेगळंच काही कळायला हवं. बातमी छापल्यावर न्यायालय तुम्हाला विचारतं, छापण्यापूर्वी तुम्ही काय केलं होतं? कुणाला भेटलात, कोणता कागद पाहिलात, समोरच्याला किती वेळ दिलात, आणि याची नोंद कुठे आहे? अब्रुनुकसानी असो वा न्यायालयाचा अवमान, वार्ताहराचं बरंवाईट बहुतेक वेळा याच उत्तरांवर ठरतं. तरीही पत्रकारितेच्या वर्गांत हा कायदा एक तर घोषणा म्हणून शिकवला जातो, नाहीतर बागुलबुवा म्हणून.

मराठी पत्रकारितेला हा धडा फार लवकर मिळाला होता. १८८२ साली ‘केसरी’चे संपादक आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक टिळक यांच्यावर कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ चालला आहे आणि त्यामागे कारभारी आहेत, असं या वृत्तपत्रांनी लिहिलं होतं. पुरावा म्हणून त्यांच्या हाती काही पत्रं आली होती. खटल्यात ती पत्रं बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरीही खटला चालला आणि दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांतले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. सुटले तेव्हा लोकांनी त्यांचं वाजतगाजत स्वागत केलं. आपण ही हकिगत शौर्यकथा म्हणून सांगतो, आणि तशी ती आहेही. पण पत्रकारितेच्या वर्गात तिचा दुसरा भाग सांगायला हवा. टिळक-आगरकरांच्या हेतूबद्दल कुणाला शंका होती? नव्हती. कोल्हापुरात काही तरी गंभीर चाललं आहे, हा त्यांचा ग्रह पूर्ण निराधार होता का? तसंही म्हणता येणार नाही. घोडं पेंड खाल्लं ते पत्रं खरी आहेत की नाहीत हे पाहण्यापाशी. शुद्ध हेतूने पत्रं खरी होत नाहीत.

ज्या कलमाखाली त्यांना शिक्षा झाली ते १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ४९९. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ३५६ झालं. नंबर बदलला, शिक्षेत समाजसेवेचा एक पर्याय आला, पण गाभा जवळपास शब्दशः तोच राहिला. कुणाची अब्रू जाईल अशा इराद्याने, किंवा ती जाईल हे माहीत असताना वा तसं मानायला कारण असताना एखादा आरोप प्रसिद्ध केला, तर तो गुन्हा. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. विद्यार्थी इथपर्यंत वाचतात आणि घाबरतात. खरी मेख पुढे आहे. याच कलमाला दहा अपवाद आहेत आणि वार्ताहराचं सगळं जगणं त्या अपवादांत आहे. सार्वजनिक हितासाठी केलेलं खरं विधान, सरकारी नोकराच्या कामकाजाबद्दल सद्भावपूर्वक मांडलेलं मत, सार्वजनिक प्रश्नात कुणी कसं वागलं त्यावरची टिप्पणी, न्यायालयीन कामकाजाचा वस्तुतः खरा वृत्तांत, सार्वजनिक हितासाठी सद्भावपूर्वक केलेला आरोप. ‘सद्भावपूर्वक’ हा शब्द यांतल्या बऱ्याच अपवादांत पुन्हा पुन्हा येतो.

आणि इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. सद्भाव म्हणजे मनात पाप नसणं, असं आपण रोजच्या बोलण्यात समजतो. कायद्यातली व्याख्या तशी नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा मानलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक केली असं म्हणता येत नाही, असं कायदा सांगतो. म्हणजे इथे तुमचं मन कुणी पाहत नाही, तुमचे कष्ट पाहतात. मनाच्या निर्मळपणाचा पुरावा देता येत नाही. काळजीचा देता येतो. वहीत लिहिलेली वेळ, पाठवलेला प्रश्न, पाहिलेला कागद, हे सगळं दाखवता येतं.

“सत्य हाच बचाव” हे वाक्यही अर्धंच आहे. दिवाणी दाव्यात, म्हणजे नुकसानभरपाईच्या खटल्यात, विधान खरं असेल तर विषय तिथे संपतो. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते छापणं सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. एखाद्या नगरसेवकाच्या घरातलं भांडण खरं असेल. पण ते छापण्यात लोकांचं कोणतं हित होतं? उलट दिशेने पाहा. हरभजनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९६५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नवव्या अपवादाचा, म्हणजे सार्वजनिक हितासाठी सद्भावपूर्वक केलेल्या आरोपाच्या अपवादाचा, आधार घेणाऱ्याला आरोप खरा असल्याचं सिद्ध करावंच लागतं असं नाही. आपण पुरेशी काळजी घेऊन, सार्वजनिक हितासाठी तो केला, हे त्याला दाखवता यायला हवं. तेही सरकारी पक्षासारखं संशयातीत नव्हे, तर शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकेल इतकंच. याचा अर्थ असा की काळजी घेऊन चुकलेल्या वार्ताहराला कायद्यात जागा आहे. काळजी न घेता बरोबर आलेल्याला मात्र नशिबावर विसंबावं लागतं.

त्या मुलाची गणवेशाची बातमीच आपण चालवून पाहू. गाव, माणसं, आकडे काल्पनिक धरू. नगरपरिषदेने शाळांसाठी ४,००० गणवेश घेतले. एका कार्यकर्त्याने पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला: गणवेश २,८०० च आले, बिल पूर्ण निघालं, ठेकेदाराने मुख्याधिकाऱ्यांना पैसे चारले. अर्जावर आवक शिक्का आहे. अर्जाची प्रत वार्ताहराला मिळते. संध्याकाळी सहाला तो बातमी पाठवतो. मथळा: ‘गणवेश खरेदीत घोटाळा?’ मजकुरात ‘शहरातील एका बड्या ठेकेदाराने मुख्याधिकाऱ्यांशी संगनमत करून कथितरित्या’ वगैरे.

या बातमीत वार्ताहराने तीन चिलखतं घातली आहेत आणि तिन्ही कागदाची आहेत. पहिलं प्रश्नचिन्ह. पर्यायाच्या रूपात किंवा उपरोधाने केलेला आरोपही अब्रुनुकसानी ठरू शकतो, असं कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. प्रश्नचिन्हाने वाचकाच्या मनातला अर्थ बदलत नसेल तर ते फक्त व्याकरणापुरतं उरतं. दुसरं चिलखत नाव न घेणं. गावात गणवेशाचा ठेकेदार एकच असेल तर नाव न घेताही सगळं गाव त्याला ओळखतं. दोन असतील तर आणखी वाईट, कारण ज्याचा संबंध नाही तोही फिर्याद करू शकतो. तिसरं ‘कथित’. माझी या शब्दाशी जुनी खुन्नस आहे. डेस्कवर बसलो असताना एका पानात तो अकरा वेळा मोजला होता. दुसऱ्याने केलेला बदनामीकारक आरोप तुम्ही पुन्हा छापलात तर तोही तुमचा नवा आरोपच धरला जाऊ शकतो. ‘कथित’ म्हटल्याने एवढंच कळतं की तुम्ही ऐकीव गोष्ट छापली आहे, आणि ऐकीव गोष्ट तपासली का, हाच तर प्रश्न होता. शिवाय शिक्का मारलेला अर्ज म्हणजे गुन्हा नोंद नव्हे. तो फक्त पोलिसांनी कागद घेतल्याचा पुरावा आहे.

हीच बातमी दुसऱ्या वार्ताहराने केली असती तर? त्याने आधी खरेदी समितीचा ठराव आणि कार्यादेश मिळवला. मग पाच शाळांत जाऊन मुख्याध्यापकांकडची साठा नोंदवही पाहिली, पोहोच झालेल्या चलनांच्या नोंदी उतरवून घेतल्या. पाच शाळांना ६०० गणवेश जायला हवे होते, नोंदीत ४१० दिसले. ठेकेदार आणि मुख्याधिकारी, दोघांनाही नेमके प्रश्न लेखी पाठवले: या पाच शाळांत १९० गणवेश कमी दिसतात, याचं कारण काय? उत्तरासाठी दोन दिवस दिले. ठेकेदाराने सांगितलं की उरलेला माल दुसऱ्या खेपेत येणार आहे. ते उत्तर त्याने चौथ्या परिच्छेदात पूर्ण दिलं. आणि बातमीत लिहिलं ते इतकंच: पाच शाळांच्या नोंदीत १९० गणवेश कमी आहेत, बिल मात्र पूर्ण अदा झालं आहे. ‘पैसे चारले’ हे त्याने छापलं नाही, कारण त्याबद्दल त्याच्या हाती काहीच नव्हतं. ही बातमी पहिलीपेक्षा मवाळ आहे का? मला तर ती जास्त झोंबणारी वाटते. पहिलीत आरोळी आहे. दुसरीत आकडा आहे, आणि आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात जे म्हटलं ते याच जातीचं आहे. सरकारी अधिकाऱ्याच्या कार्यालयीन कामाबद्दलचा मजकूर नंतर चुकीचा निघाला तरी, वाजवी पडताळणी करून लिहिलं असेल तर त्याला भरपाई मागता येत नाही. द्वेषाने किंवा खऱ्या-खोट्याची पर्वा न करता छापलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था स्वतः अब्रुनुकसानीचा दावा लावू शकत नाहीत. म्हणजे नगरपरिषदेची अब्रू गेली म्हणून नगरपरिषद भरपाई मागू शकत नाही. मुख्याधिकारी मागू शकतात, पण त्यांच्यासमोर हा ‘वाजवी पडताळणी’चा उंबरठा आहे. ठेकेदार खासगी माणूस आहे, त्याच्यासमोरचा उंबरठा कमी उंच. एकाच बातमीतल्या दोन माणसांबद्दल वेगळ्या मापाने काळजी घ्यावी लागते, हे किती वर्गांत सांगितलं जातं?

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा मांडतो, कारण तो खरा आहे. या कायद्यात शिक्षा निकालाने होत नाही, तारखांनी होते. दुसऱ्या वार्ताहरासारखी काटेकोर बातमी केली तरी ठेकेदार फिर्याद करू शकतो. अपवाद लागू होतो की नाही हे साधारणपणे पुरावा नोंदवल्यावर ठरतं, आणि तोपर्यंत वार्ताहराने तारखेला हजर राहायचं, वकिलाची फी भरायची. ‘ब्लिट्झ’चे संपादक करंजिया यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने फिर्याद रद्द केली होती. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती पुन्हा जिवंत केली, कारण सद्भाव आणि सार्वजनिक हित हे पुराव्याने ठरवायचे प्रश्न आहेत, असं मत पडलं. पैसेवाला माणूस याचा फायदा घेतो आणि तालुक्याचा वार्ताहर, ज्याला बातमीमागे जेमतेम काही रुपये मिळतात, तो माफीनामा लिहून मोकळा होतो. कायद्याच्या पोटातला हा अन्याय नाकारण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी अब्रुनुकसानी घटनात्मक ठरवली, प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. तो निकाल मला पटलेला नाही. प्रतिष्ठेची भरपाई करण्यासाठी तुरुंग कशाला हवा, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर त्यात मला सापडलं नाही. आता न्यायालयाने फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीचं म्हणणं ऐकून घेण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आली आहे. तिचा उपयोग होईल, पण तो त्यालाच होईल ज्याच्याकडे त्या पहिल्याच तारखेला दाखवायला काही कागद असतील.

म्हणून कायदा जावा असं मानूनही मी विचारतो: गेला असं धरू, मग काय? तुरुंगाची भीती जाईल. दिवाणी दावा तसाच राहील, आणि त्यात आकड्याला मर्यादा नाही. पुण्याचंच उदाहरण आहे. २००८ मध्ये टाइम्स नाऊ वाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत नावातल्या साम्यामुळे भलत्याच व्यक्तीचं छायाचित्र दाखवलं. ती व्यक्ती होती सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष पी. बी. सावंत. चित्र सुमारे १५ सेकंद पडद्यावर होतं. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटी रुपयांचा हुकूमनामा केला. अपील ऐकण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २० कोटी जमा करायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. १०० कोटी हा आकडा अवाजवी होता, त्यावर तेव्हा रास्त टीका झाली. मीही ती करतो. पण फौजदारी कलम त्या दिवशी अस्तित्वात नसतं तरी यातला एक रुपयाही कमी झाला नसता. चूक संग्रहातून चित्र उचलणाऱ्या हाताने केली होती, आणि एका माणसाने नाव व चेहरा जुळवून पाहिला असता तर ती झाली नसती.

काळजीचा हा मुद्दा मला स्वतःला उशिरा कळला. नवखा असताना एका सहकारी पतसंस्थेबद्दल मी बातमी केली होती. नोटीस आली. वकिलांनी विचारलं, “समोरच्याची बाजू घेतली होती?” मी म्हटलं, “हो, फोन केला होता, उचलला नाही.” त्यांनी वही मागितली. वहीत फोनची वेळ होती रात्री नऊ चाळीस, आणि पान सुटलं होतं दहाला. वकील काही बोलले नाहीत, फक्त त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. बातमी खरी होती. पुढे प्रकरण मिटलंही. पण ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य मला तेव्हापासून सहजपणे लिहिता आलेलं नाही.

अवमानाकडे येऊ. अब्रुनुकसानीला विद्यार्थी जितके घाबरतात त्याच्या दुप्पट न्यायालयाला घाबरतात, आणि इथे भीती नको तिथे आहे. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हटलं की लेखणी खाली ठेवायची, असा एक समज पुढाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी रुजवला आहे. पत्रकार परिषदेत अडचणीचा प्रश्न आला की हेच वाक्य येतं. १९७१ च्या न्यायालय अवमान अधिनियमात असं कुठेही म्हटलेलं नाही. न्यायालयीन कामकाजाचा न्याय्य आणि अचूक वृत्तांत हा अवमान नाही, असं कलम ४ सांगतं. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर न्याय्य टीका हा अवमान नाही, असं कलम ५ सांगतं. प्रकरण प्रलंबित आहे हे माहीत नसेल आणि तसं मानायला वाजवी कारणही नसेल तर कलम ३ संरक्षण देतं, आणि ‘प्रलंबित’ म्हणजे काय हेही तिथेच लिहिलं आहे. फौजदारी प्रकरण साधारणपणे आरोपपत्र दाखल झाल्यापासून, किंवा न्यायालयाने समन्स-वॉरंट काढल्यापासून. दिवाणी प्रकरण दावा दाखल झाल्यापासून.

गणवेशाची बातमी याच वाटेने पुढे नेऊ. समजा गुन्हा नोंद झाला. त्याची बातमी द्यायला हरकत नाही; गुन्हा नोंद झाल्याचं अचूक वृत्त अब्रुनुकसानी ठरत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही घेतली आहे. अट ‘अचूक’ या शब्दात आहे: कागदात फसवणूक लिहिली असेल तर मथळ्यात ‘लूट’ येता कामा नये. मग आरोपपत्र गेलं. इथून प्रकरण प्रलंबित. खरेदीच्या पद्धतीवर, शासनाच्या नियमांवर लिहिणं थांबत नाही. थांबतं ते ‘ठेकेदार दोषीच आहे’ असा आपला निकाल छापणं, साक्षीदाराला न्यायालयाआधी आपल्या कॅमेऱ्यासमोर उभं करणं, पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा असल्यासारखा देणं. आरोपपत्राआधी सगळं मोकळं, असंही समजू नये. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला, त्यात तपासाच्या टप्प्यावरची माध्यमांची समांतर सुनावणीही न्यायदानात अडथळा ठरून अवमान होऊ शकते, असं म्हटलं. खटला सुरू झाला की अचूकतेची कसोटी वेगळी होते. सोमवारी मुख्याध्यापकाने सरकारी वकिलांपुढे सांगितलेलं तुम्ही पहिल्या पानावर दिलं, आणि मंगळवारी उलटतपासात ते ढासळलं ते आतल्या पानावरही दिलं नाही, तर सोमवारचा प्रत्येक शब्द बरोबर असूनही वृत्तांत न्याय्य राहत नाही. शेवटी निर्दोष सुटका झाली. ‘साठा नोंदवहीचा विचार निकालात दिसत नाही’ हे लिहिता येतं. अपिलाची मुदत किंवा अपील बाकी असेल तर जरा जपून, कारण तोवर निकाल ‘अंतिम’ नसतो. ‘न्यायाधीश मॅनेज झाले’ हे लिहिता येत नाही. पहिलं वाक्य निकालाबद्दल आहे, दुसरं न्यायाधीशाच्या सचोटीबद्दल, आणि दुसऱ्यासाठी हाती काय आहे?

इथेही विरोधकांच्या बोलण्यात तथ्य आहे. अवमानाची ‘न्यायालयाची निंदा’ ही शाखा फार ढगळ आहे. कधी काय खपेल सांगता येत नाही. केरळचे मुख्यमंत्री नंबुद्रीपाद यांनी न्यायसंस्था वर्गीय पूर्वग्रहाने चालते असं पत्रकार परिषदेत म्हटलं, त्यांना उच्च न्यायालयाने १,००० रुपये दंड केला, सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये दोषी कायम ठेवून तो ५० रुपयांवर आणला. २००६ च्या दुरुस्तीने सत्याचा बचाव कायद्यात आला, सार्वजनिक हितासाठी आणि प्रामाणिकपणे मांडला असेल तर. तरीही २००७ मध्ये माजी सरन्यायाधीशांबद्दलच्या मजकुरासाठी ‘मिड-डे’च्या चौघांना दिल्ली उच्च न्यायालयाने चार महिन्यांची शिक्षा दिली. ती स्थगित होती, आणि २०१७ मध्ये रद्द झाली. पण बातमी खरी की खोटी यावर नव्हे, सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा उच्च न्यायालयाला अधिकारच नव्हता या कारणावर. दहा वर्षांनी सुटलेल्या माणसाला मी ‘कायदा तुझ्या पाठीशी होता’ असं कोणत्या तोंडाने सांगू? या शाखेची छाटणी व्हायलाच हवी.

पण निंदेची ही प्रकरणं मोजकी आणि गाजलेली असतात. जिल्हा न्यायालयात रोज बसणाऱ्या वार्ताहराला ती क्वचितच भेटतात. त्याला भेटतो तो चुकीचा वृत्तांत, बंद दालनातल्या सुनावणीचा फुटलेला तपशील, आणि न्यायाधीशांचा तोंडी शेरा आदेश म्हणून छापणं. या तिन्ही गोष्टींत कायदा मुळीच ढगळ नाही. शेवटच्या चुकीचं तर हल्ली पीकच आलं आहे. ‘न्यायालयाने सरकारला फटकारले’ असा मथळा, आणि संध्याकाळी लेखी आदेश पाहावा तर त्यात फक्त पुढची तारीख. सुनावणीतला प्रश्न आणि आदेशातला निष्कर्ष यांतला फरक कळायला घटनातज्ज्ञ व्हावं लागत नाही, आदेशाची प्रत वाचावी लागते.

जाणूनबुजून अवमानाची जोखीम घ्यायची वेळ येऊ शकते का? येऊ शकते. १९१९ मध्ये गांधीजींनी ‘यंग इंडिया’त अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाला लिहिलेलं एक पत्र छापलं. सत्याग्रहाची शपथ घेतलेल्या वकिलांबद्दल ते होतं आणि त्याच विषयावर कारवाई प्रलंबित होती. मुंबई उच्च न्यायालयाने माफी मागायला सांगितली. गांधीजींनी नकार दिला. पत्राचा विषय लोकांच्या हिताचा होता आणि आपण ते विचारपूर्वक छापलं, ही त्यांची भूमिका होती. १९२० मध्ये न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल दोषी धरून कडक समज देऊन सोडलं. आजही ते पत्र छापावं की नाही यावर मतभेद होतील. पण कोल्हापूरच्या आणि अहमदाबादच्या पत्रांत एक फरक आहे. अहमदाबादचं पत्र खरं होतं, याबद्दल वाद नव्हता. छापणाऱ्याला आपण काय छापतो, केव्हा छापतो आणि त्याची किंमत काय, हे माहीत होतं, म्हणून माफी नाकारण्याचा पर्याय त्याच्यापाशी उरला. कोल्हापूर प्रकरणातल्या संपादकांपाशी तो उरला नव्हता, कारण त्यांच्या पायाखालचा कागदच निसटला होता.

परिसंवाद संपल्यावर तो मुलगा जिन्यात भेटला. मी त्याला विचारलं, तुझ्याकडे नेमके कोणते कागद आहेत? त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. तक्रार अर्जाची तीन पानं होती, आवक शिक्क्यासह. साठा नोंदवही त्याने पाहिली नव्हती. शाळा किती आहेत विचारलं तर म्हणाला, “बावीस. पण सर, त्यातल्या सहा माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या जवळ आहेत.”

“मग आधी तिथे जा,” मी म्हटलं, “आणि जाशील तेव्हा वहीत वेळ लिही.”